नकली डोळा, ११ महिने वापरून झाल्यावर : चिपडं, सॅनिटायझरचा घोळ आणि बाकीचं

डावा डोळा काढून आता वर्ष उलटून गेलं आणि नकली डोळा बसवून ११ महिने झाले. बसवायच्या आधी मी खूप शोधलं की रोज वापरणारं कुणी मराठीत काही लिहिलंय का, तर सगळीकडे नुसतं आधीचा फोटो नंतरचा फोटो. पुढे रोज काय करायचं, खाज आली तर काय, हे कुणी सांगतच नाही. म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

आधी थोडक्यात झालं काय ते. उसाचं पाचट काढताना पान डोळ्यात लागलं. आमच्याकडे उसाचं पान कुणाला लागत नाही? म्हणून मी पण मनावर घेतलं नाही, मेडिकलमधून लाल डोळ्याचा ड्रॉप आणून ४ दिवस घातला. त्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं. पानामुळे बुरशीचं इन्फेक्शन झालेलं आणि बुरशीला स्टेरॉइड म्हणजे खतपाणीच. मग तासातासाला नॅटामायसिनचे थेंब, रात्री गजर लावून लावून, तरी बुबुळाला भोक पडलं, नजर गेली ती गेलीच. इन्फेक्शन संपलं पण डोळा बारीक होत गेला आणि ठणका काही थांबेना, शेवटी डॉक्टर म्हणाले काढूया. डोळ्याचं बाहेरचं पांढरं कवच तसंच ठेवून आतलं सगळं काढलं आणि त्या जागी एक गोळी बसवली. स्नायू कवचाला चिकटलेलेच राहतात म्हणून ती गोळी आत हलते. दिसत नाही ती, वरून गुलाबी कातडी असते, तोंडाच्या आत गालाला असते ना तशी. नकली डोळा त्या कातडीवर बसतो. तो पूर्ण गोल गोटी नसतो, जाडसर वाटीसारखा असतो, हे मला पण माहीत नव्हतं.

ऑपरेशननंतर पापणीच्या आत एक पारदर्शक प्लॅस्टिकची चकती ठेवतात, तिला भोकं असतात. ती जागा धरून ठेवायला असते. माझी ९व्या दिवशी तोंड धुताना बेसिनमध्ये पडली आणि मी घाबरून रुमालात गुंडाळून ठेवली, म्हटलं सोमवारी दाखवू. आत्यांनी (माझ्या सासूबाई) ओरडून लगेच फोन लावायला लावला. तिकडून सांगितलं आत्ताच्या आत्ता धुवून परत घाला नाहीतर इथे या, खोबण आकसायला लागली की पुढे डोळा बसायला जागाच उरत नाही. त्याच दिवशी जाऊन बसवून आणली. तुमची पडली तर सोमवारची वाट बघू नका.

सातव्या आठवड्यात डोळ्याचं माप. त्याच्याआधी मी एक चूक केली, तालुक्याच्या ठिकाणी १५०० रुपयांचा रेडिमेड डोळा मिळतो म्हणून तो घेऊन आले. रंग बरा होता पण मागचा भाग माझ्या खोबणीला जुळत नव्हता, मध्ये पोकळी राहायची, त्यात पाणी साचून दिवसभर चिपडं. शिवाय बघणं सरळ नाहीच, डोळा कायम कानाकडे बघतोय असं वाटायचं. ८ दिवसांत काढून ठेवला. मग मापाचा केला, १८ हजार लागले. दातांचं माप घेतात तीच गार पेस्ट खोबणीत सोडतात, २-३ मिनिटांत घट्ट होते, दुखत नाही पण भरल्यासारखं वाटतं. त्यावरून मेणाचा साचा, तो घालून पापणी किती उघडते ते बघत बघत मेण खरवडतात, मग ॲक्रिलिक. सगळे काचेचा डोळा म्हणतात पण काच नसतेच ती. बुबुळ हाताने रंगवतात, मला खिडकीच्या उजेडात समोर बसवून दीड तास बघत होता तो माणूस, लग्न ठरवताना पण कुणी एवढं निरखून बघितलं नव्हतं. आपला डोळा नुसता तपकिरी नसतो, कडेला काळपट, मध्ये मधासारखा. लाल शिरांसाठी रेशमाचे बारीक धागे लावतात. दोन दिवसांत डोळा हातात.

आता वापराचं. पहिला महिना मी रोज रात्री काढून धुवायचे, मला वाटलं कवळीसारखं असेल. त्यात बोटं लावून लावून खोबण लाल व्हायची, जास्तच पाणी यायचं, मग अजून धुवायचे. डोळा बनवून घेतला तिकडे गेल्यावर म्हणाले ताई, काढू नका, रात्री पण घालूनच झोपा. आता मी ३ आठवड्यांनी एकदा काढते. साबणाने हात धुवायचे, पलंगावर टॉवेल पसरायचा (बेसिनवर कधीच नाही, पडला तर चरा पडतो), वर बघायचं, खालची पापणी खाली ओढायची आणि रबराची छोटी सक्शनची कांडी येते ती बुबुळावर टेकवून खालची कड बाहेर काढायची. डोळा निघतो. लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आणि उकळून कोमट केलेलं पाणी, बोटांनी चोळायचा, भरपूर धुवायचा, ओलाच परत घालायचा. घालताना आधी वरच्या पापणीखाली सरकवायचा मग खालची पापणी ओढून सोडायची. माझ्या डोळ्याची निमुळती बाजू नाकाकडे, एकदा उलटा घातला होता तर लेक म्हणाली आई तू छताकडे का बघतेस.

अजून एक बारीकशी गोष्ट, पुसताना नेहमी डोळा मिटून नाकाच्या दिशेने पुसायचं. बाहेरच्या बाजूला पुसलं की डोळा फिरतो किंवा कड बाहेर येते. आणि एसटीत खिडकीला बसू नका, वाऱ्याने वरचा थर सुकतो, पापणी अडकल्यासारखी होते. माझी पापणी झोपेत थोडी उघडी राहते त्यामुळे सकाळी कोरडं कोरडं वाटतं, त्याला लुब्रिकंट थेंब दिवसातून २-३ वेळा घालते. थंडीत जास्त.

आता मुख्य घोळ सांगते. चौथ्या महिन्यात एका लग्नाला जायचं होतं, म्हटलं चमकला पाहिजे, म्हणून डोळा काढून हाताचं सॅनिटायझर लावून कापडाने घासून पुसला. तेव्हा एकदम छान दिसला. मग तेच दर आठवड्याला करायला लागले. तीनेक आठवड्यांत खाज सुरू झाली, वरच्या पापणीच्या आतून, आणि चिपडं बदलली. हे ओळखायला शिका. रोज सकाळी कोपऱ्यात थोडं पांढरट सुकलेलं असतं ते नॉर्मल, ते सगळ्यांनाच येतं. माझं दोऱ्यासारखं लांब, चिकट, दिवसातून पाच वेळा पुसावं लागेल एवढं झालं, आणि पापणी जड होऊन डोळा थोडा पुढे ढकलल्यासारखा वाटायला लागला. हिरवट-पिवळं, वास, दुखणं किंवा रक्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण आतली गोळी उघडी पडली असेल तरी असं होतं.

डॉक्टरांनी वरची पापणी उलटी केली, आत बारीक बारीक पुरळ, कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांना होते तशी ॲलर्जी म्हणाले. कारण नकली डोळ्यातच होतं. सॅनिटायझरमधल्या स्पिरिटने ॲक्रिलिकला केसासारख्या भेगा पडतात, कापडाने चरे पडलेले, आणि त्या खडबडीत भागावर अश्रूंमधला चिकट थर धरून बसतो. पापणी दिवसभर हजारो वेळा त्यावरूनच घासणार. मला दिव्यासमोर तिरका धरून दाखवला, चमक जाऊन धुकट झालेला. पॉलिशला पाऊण तास लागला. स्टेरॉइडचा ड्रॉप दिला, मी आधी नावच ऐकून घाबरले, पण हा डॉक्टरने दिलेला, मोजून दोन आठवडे, आणि उजव्या डोळ्याला लागू द्यायचा नाही. दहा दिवसांत खाज गेली. आता वर्षातून एकदा पॉलिश ठरलेलं, आणि डोळाच साधारण ५ वर्षांनी बदलावा लागतो कारण खोबणीचा आकार बदलत जातो. माझी वरची पापणी आत्ताच उजवीपेक्षा जराशी आत गेल्यासारखी दिसते, फोटोत मलाच कळतं.

हलतो का? हो, समोर बोलताना कुणाला कळत नाही. पण तिरकं बघितलं की मागे राहतो, म्हणून मी आता मान वळवून बघते. आणि बाहुली रंगवलेली, ती अंधारात मोठी होत नाही. रात्री नीट बघणाऱ्याला कळतं, कळू दे.

एका डोळ्याने जगायची सवय हे वेगळंच प्रकरण. चहा कपाबाहेर. आता किटलीचं तोंड कपाच्या कडेला टेकवूनच ओतते. मी शिवणकाम करते, सुईत दोरा ओवायला पहिल्यांदा २० मिनिटं लागली आणि मी मशीनवर डोकं ठेवून रडले. आता सुईच दोऱ्यावर आणते, बोट आधाराला लावून, होतं. डाव्या बाजूने कुणी आलं की दचकते, म्हणून हळदीकुंकवाला मुद्दाम डाव्या टोकाला, भिंतीला लागून बसते, सगळ्या उजवीकडे येतात. शेतात जाताना आणि गाडीवर पॉलीकार्बोनेटचा चष्मा, नंबर नसला तरी. आहे तो एकच.

मनाचं सांगायचं तर पहिल्यांदा आरशात मोकळी खोबण बघायला मला २ महिने लागले. ह्यांना सुद्धा बघू दिलं नव्हतं, काळा गॉगल लावून स्वयंपाक करायचे. गावात बायका विचारायच्या ते डोळ्याकडे बघून नाही, कपाळाकडे बघून. तेव्हा जास्त लागायचं. लेकीनेच एक दिवस धुताना शेजारी उभं राहून विचारलं दुखतं का, नाही म्हटलं तर म्हणाली मग मी टॉवेल धरते. त्यानंतर ह्यांच्यासमोर काढला. ते काही बोलले नाहीत, थेंबांची बाटली हुडकून दिली.

ऑपरेशननंतर काही आठवडे त्या बाजूला मिटल्यावर निळसर उजेड, ठिपके दिसायचे. डोळाच नाही तर दिसतं काय, मला वाटलं डोक्यात काही झालं. मेंदूला सवय असते, होतं असं बऱ्याच जणांना, असं डॉक्टर म्हणाले. आता क्वचितच.

आणि हो, त्या डोळ्यातून रडू येतं. अश्रूंची ग्रंथी वर असते, तिला ऑपरेशनमध्ये हात लावत नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मामाच्या दहाव्याला दोन्ही गाल ओले झाले तेव्हा कळलं, आणि मी सवयीने बाहेरच्या बाजूला पुसलं, डोळा फिरला, मागच्या दारी जाऊन नीट करून आले.