रद्द केलेल्या शिकवणीचे १०,००० रुपये: तक्रार निवारण अधिकारी, १९१५ आणि ‘आधी तक्रार बंद करा’ हा फोन

मी परभणी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलगी नववीत गेली म्हणून २०२५ च्या जूनमध्ये तिच्यासाठी एका कंपनीची ऑनलाइन शिकवणी घेतली आणि सातव्या दिवशीच ती नको असल्याचे कळवले. तरीही पैसे परत मिळण्यास ऑगस्टचा शेवट उजाडला. त्यातील पहिले तीन आठवडे निव्वळ माझ्या अजाणतेपणामुळे वाया गेले आणि मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहायचे आहे.

एकूण शुल्क २४,००० रुपये ठरले होते. ३ जून रोजी ८,००० रुपये यूपीआयने भरले आणि उरलेले १६,००० रुपये दरमहा २,००० याप्रमाणे आपोआप कापले जावेत, यासाठी यूपीआय ऑटोपेची मंजुरी दिली. पंधरा दिवसांच्या आत नको वाटल्यास संपूर्ण रक्कम परत, असे कंपनीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेले होते. फोनवर सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी मराठीतून समजावणारे शिक्षक असतील असे सांगितले गेले होते, परंतु प्रत्यक्षात सर्व तास हिंदीतून चालत आणि आमच्या पाठ्यपुस्तकाशी त्यांचा मेळ बसत नव्हता. ९ जूनला मी ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडच्या मुलीने अतिशय नम्रपणे सांगितले, “सर, तुमची विनंती नोंदवली आहे, ईमेल येईल.” तो ईमेल कधीच आला नाही.

१२ जूनला त्यांच्या एका ‘वरिष्ठां’चा फोन आला. रद्द करण्याची घाई करू नका, आम्ही तुमचा कोर्स पंधरा दिवस ‘पॉज’ करून ठेवतो, तोवर मराठी बोलणारे शिक्षक देतो, असा त्यांचा आग्रह होता. ऐकायला ही सवलत वाटते. प्रत्यक्षात पॉज होतो तो कोर्स, रद्द करण्याची मुदत नव्हे. ती आपल्या गतीने चालूच राहते आणि पंधरावा दिवस उलटला की कंपनीच्या हातात सबळ उत्तर येते. मी फोनवर “बघतो” एवढेच म्हणालो. माझ्या सुदैवाने आमच्या शाळेतील एका सहकाऱ्याने, “अहो गुरुजी, जे काय ते लेखी द्या, फोनला काही अर्थ नाही,” असे बजावले आणि मी १४ जूनला, म्हणजे मुदतीच्या आत, ईमेल पाठवला. पुढचे सर्व काही त्या एका ईमेलवर उभे राहिले.

त्या ईमेलला तिकीट क्रमांक असलेले यांत्रिक उत्तर आले. २० जूनला ते तिकीट ‘Resolved’ झाल्याचे कळले, पण नेमके काय सोडवले याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. मी पुन्हा लिहिले, दुसरे तिकीट मिळाले आणि तेही बंद झाले, या वेळी ‘मुदत संपली आहे’ या शेऱ्यासह. ३ जुलैला खात्यातून २,००० रुपये कापले गेले. आदल्या दिवशी त्याची पूर्वसूचना फोनवर आली होती, परंतु बदली अर्जांच्या गडबडीत मी ती वाचलीच नाही. त्या रात्री यूपीआय अॅपमधील ऑटोपेच्या यादीत जाऊन मी ती मंजुरी स्वतः रद्द केली. त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही. मात्र मंजुरी रद्द केल्याने पुढचे पैसे कापले जाणे थांबते, करार रद्द होत नाही, म्हणून ती रद्द केल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि कंपनीलाही तसे लेखी कळवावे. आणखी एक बाब येथेच नोंदवतो. शुल्क एखाद्या वित्तसंस्थेच्या कर्जातून भरले असेल, तर हा मार्ग परस्पर वापरू नये. हप्ता चुकल्याची नोंद आपल्या नावावर चढते, त्यामुळे त्या वित्तसंस्थेला स्वतंत्रपणे लिहावे लागते.

५ जुलैला, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, मी कंपनीच्या संकेतस्थळावरील अटींचे पान शेवटपर्यंत वाचून काढले. अगदी तळाशी ‘Grievance Officer’ या शीर्षकाखाली एक नाव आणि वेगळा ईमेल पत्ता होता. ग्राहक सेवेचा पत्ता आणि हा पत्ता यांत मोठा फरक आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन वस्तू अथवा सेवा विकणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव, पद व संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एक महिन्याच्या आत तक्रारीचे निवारण करायचे असते. ग्राहक सेवेकडे केलेल्या दहा तक्रारी तिकिटांच्या ढिगात जिरून जातात. या अधिकाऱ्याकडे गेलेल्या एका तक्रारीपासून मात्र कायद्याने ठरवलेले घड्याळ सुरू होते.

माझी तक्रार मी मुद्दाम छोटी ठेवली. आधीच्या ईमेलमध्ये मी शिक्षकांच्या दर्जाविषयी, मुलीच्या निराशेविषयी बरेच लिहिले होते आणि त्यामुळे उत्तर देणाऱ्याला मूळ मुद्दा सोडून भलत्याच गोष्टीवर बोलण्याची सोय झाली होती. या वेळी एवढेच लिहिले: “३ जून २०२५ रोजी मी अमुक ऑर्डर क्रमांकाने सेवा घेतली. आपल्या अटींनुसार पंधरा दिवसांत ती रद्द करता येते. १४ जून रोजी, म्हणजे मुदतीच्या आत, मी ती लेखी रद्द केली असून तो ईमेल व आपले तिकीट सोबत जोडले आहे. मी भरलेले ८,००० रुपये आणि रद्द केल्यानंतर ३ जुलैला कापलेले २,००० रुपये, असे एकूण १०,००० रुपये परत करावेत.” सोबत त्या अटीच्या पानाचा, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आणि बँकेचा उतारा जोडला. अटींचे पान कंपनी कधीही बदलू शकते, म्हणून तो स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवणे अधिक चांगले. मी तो ५ जुलैला काढला आणि तोवर पान बदलले नव्हते, हा केवळ योगायोग.

४८ तास उलटून गेले, पोच आली नाही. ९ जुलैला मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. ही सेवा केंद्र सरकारची आहे, सकाळी ८ ते रात्री ८ चालते आणि मराठीतून बोलता येते. हीच तक्रार consumerhelpline.gov.in वरही नोंदवता येते. कागद जोडायचे असल्याने मला पोर्टल सोयीचे वाटले. नोंदणीनंतर एक डॉकेट क्रमांक मिळतो आणि तक्रार कंपनीकडे पाठवली जाते. हेल्पलाइन हे न्यायालय नव्हे, हे आधीच समजून घ्यावे. ती कंपनीला आदेश देऊ शकत नाही, दंड करू शकत नाही. ती फक्त कंपनीच्या दारात सरकारी क्रमांकासह उभी राहते आणि उत्तर मागते. पण महिनाभर गप्प असलेली कंपनी या दारावरच्या टकटकीने बोलू लागते, हे मी अनुभवले.

अर्थात पहिले उत्तर उडवाउडवीचेच आले. ग्राहकाने पंधरा दिवसांच्या मुदतीनंतर संपर्क साधला, तरीही सदिच्छा म्हणून सहा महिने मुदतवाढ देत आहोत, असे लिहून त्यांनी प्रकरण मिटल्याचे दाखवले आणि डॉकेट बंद झाले. घरातून “आता नाद सोडा” असा सल्ला मिळाला. डॉकेट बंद होणे म्हणजे केवळ कंपनीने उत्तर दिल्याची नोंद. आपण मान्यता दिली असा त्याचा अर्थ होत नाही. उलट त्या उत्तरात कंपनीने आपली भूमिका प्रथमच लेखी दिली होती आणि ती १४ जूनच्या ईमेलसमोर टिकणारी नव्हती. ५ ऑगस्टला अधिकाऱ्याचा एक महिनाही संपला. ६ ऑगस्टला मी जुन्या डॉकेटचा क्रमांक देऊन नव्याने तक्रार नोंदवली. त्यात दोनच गोष्टी होत्या: कंपनी म्हणते मुदतीनंतर, तर हे कंपनीचेच १४ जूनचे तिकीट, आणि अधिकाऱ्याने ना पोच दिली, ना निवारण केले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, २१ ऑगस्टला, कंपनीतून फोन आला. रक्कम मंजूर झाली आहे, फक्त हेल्पलाइनवर ‘समाधान झाले’ असे आधी कळवा, सात दिवसांत पैसे येतील, असे सांगण्यात आले. माझ्या मते सगळ्या प्रकरणातील सर्वात धोक्याचा क्षण हाच होता, कारण महिन्यांच्या कंटाळ्यानंतर माणूस लगेच होकार देतो. मी विचारले की, तुम्ही हेच वाक्य ईमेलने द्याल का? थोडा वेळ शांतता पसरली. मी म्हणालो, “पैसे खात्यात दिसले की त्याच दिवशी कळवतो.” संध्याकाळी रक्कम आणि व्यवहाराचा मार्ग लिहिलेला ईमेल आला. ओटीपी, पिन किंवा कुठलेही अॅप टाकण्याची मागणी त्यात नव्हती, हेही मी तपासले. माझ्या एका नातेवाइकाने आपली तक्रार फोन नंबरासह समाजमाध्यमावर टाकली, तेव्हा ‘रिफंड विभागा’तून बोलतो असे सांगणाऱ्या भामट्याने त्याला यूपीआय पिन टाकायला लावला होता. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

या फोनपूर्वीच पुढच्या पायरीचा कागद माझ्या टेबलावर तयार होता. पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस मी स्वतः लिहिली होती आणि ती पोचपावतीसह स्पीड पोस्टने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवणार होतो. त्यानंतर परभणीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार. ती e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येते, वकील बंधनकारक नाही आणि भरलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. कंपनीच्या अटींमध्ये वाद दूरच्या शहरातील न्यायालयातच चालेल असे लिहिलेले होते आणि मी त्या ओळीने आधी दचकलोही होतो. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातील आयोगातही तक्रार करता येते. एक मात्र लक्षात ठेवावे. आयोगाकडे जाण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि हेल्पलाइनकडे तक्रार केल्यामुळे ती वाढत नाही.

२६ ऑगस्टला, गणपती बसण्याच्या आदल्या दिवशी, १०,००० रुपये खात्यात जमा झाले. मी बँकेच्या उताऱ्याशी रक्कम ताडून पाहिली, मगच हेल्पलाइनवर तक्रार मिटल्याचे कळवले. नोटिशीचा तो कागद अजून फाइलमध्येच आहे.