लाल गोळी: रिकाम्या पोटी की रात्री जेवल्यावर?

कापूस वेचायला जाणारी पाचव्या महिन्यातली एक सून आमच्या उपकेंद्रात आली. हिमोग्लोबिन ९.२. पाण्याचा गुंड आणताना दम लागायचा, छातीत धडधडायचं, पापण्या आतून फिक्या पडलेल्या, आणि माती खावीशी वाटायची. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. लोहाच्या लाल गोळ्या घरीच पडून होत्या. सकाळी चहासोबत घेतली की मळमळायचं, आणि शी काळी दिसल्यावर सासूबाईंनी गोळी बंदच करवली.

सासूबाई म्हणाल्या, "गोळीपेक्षा भाजीच बरी." भाजी हवीच. चवळाई, मेथी, हरभरा, तीळ, मोड आलेली मटकी, चालत असेल तर मटण, हे सगळं ताटात असू द्या. पण भाजी-धान्यातलं लोह शरीर थोडंच घेतं. एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि दिवसभराच्या साध्या जेवणात याच्या निम्मंही क्वचितच मिळतं. एकदा रक्त घसरलं की नुसत्या भाजीने ते वेळेत भरून येत नाही. वरणावर लिंबू पिळलं किंवा जेवणानंतर संत्रं खाल्लं, तर त्याच ताटातलं लोह अंगी जास्त लागतं.

आता वेळेचं. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी अंगी जास्त लागते, पण मळमळ आणि पोटदुखीही तेव्हाच जास्त. रात्री जेवल्यावर घेतली तर थोडं लोह वाया जातं, पण झोपेत मळमळ जाणवत नाही. मी रात्रीची बाजू घेते, कारण टाकून दिलेल्या गोळीतलं लोह शून्य. ज्यांना काहीच त्रास होत नाही, त्यांनी जेवणाच्या तासभर आधी लिंबूपाण्यासोबत खुशाल घ्यावी. चहा मात्र गोळीच्या आधी-नंतर तासभर लांब, आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब. एवढ्या दोन चुकांनीच बऱ्याच जणींचं रक्त वाढत नाही. शी काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे, त्यात भिण्यासारखं काही नाही. बद्धकोष्ठ झाला तर पाणी आणि पालेभाजी वाढवा.

तिला ९.२ असल्यामुळे दिवसाला दोन गोळ्या होत्या. पहिले चार दिवस रात्रीची एकच दिली, मग दुपारच्या जेवणानंतर दुसरी. दुपारचा चहा चारला ढकलला. महिन्याने १०.४ झालं.

महिन्यात निदान १ ग्रॅम वाढायला हवं. गोळ्या नीट घेऊनही वाढलं नाही, किंवा ७ च्या खाली असेल, तर गोळ्यांवर दिवस काढू नका. मोठ्या दवाखान्यात सलाईनमधून लोह देतात, आणि फारच कमी असेल तर रक्त चढवावं लागतं. आपल्या भागात सिकलसेल बराच आढळतो, म्हणून न वाढणाऱ्या रक्तासाठी ती तपासणीही त्याच फेरीत मागून घ्या.