नुसता वेबहुक की सोबत फेरतपासणीही?

स्ट्राइपवरून पेमेंट घेणारं दुकान धरू. नुसत्या वेबहुकवर भिस्त ठेवली, तर पैसे आल्याची खबर लगेच मिळते. सर्व्हर बंद असला तरी लाइव्ह मोडमध्ये स्ट्राइप ३ दिवसांपर्यंत निरोप पुन्हा पाठवत राहतं, म्हणून बहुतेकांना एवढं पुरेसं वाटतं. खरी गळती वेगळीच आहे: सर्व्हरने `200` उत्तर दिलं आणि काम रांगेत टाकण्याआधीच तो कोसळला. स्ट्राइपच्या लेखी निरोप पोहोचला. ग्राहकाचे पैसे गेले, ऑर्डर मात्र अडकलेलीच.

जोडीला तासातासाची फेरतपासणी असेल, तर ती `GET /v1/events` वरून मागच्या दोन तासांचे इव्हेंट मागवते (सीमेवरचे निसटू नयेत म्हणून दुप्पट काळ) आणि झालेल्या इव्हेंटच्या आपल्या टेबलात नसलेल्या `evt_…` आयडींवर प्रक्रिया करते. इथे `delivery_success=false` लावायचा मोह होतो. पण वरची केस त्यात सापडणारच नाही. आयडीची नोंदही काम पूर्ण झाल्यावरच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये करावी. आयडीवर युनिक बंधन असलं की वेबहुक आणि तपासणी एकाच वेळी धावले तरी ऑर्डर दोनदा जात नाही.

दुरुस्ती तासभर उशिरा होऊ शकते, ते मला चालेल. तपासणीच बंद पडली, तर सुरू झाल्यावर दोन तासांऐवजी तेवढा काळ मागे जाऊन इव्हेंट मागवावे लागतील; महिनाभर बंद पडली तर मात्र पंचाईत, कारण ही यादी ३० दिवसांपलीकडे जात नाही.