डीव्हीआरचा आयपी: यंत्रात टाकावा की राउटरमध्ये राखून ठेवावा?

आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरी राउटर इन्व्हर्टरवर आहे, कापसाच्या गोदामातला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, मात्र नाही. बसवणाऱ्याने डीव्हीआरला 192.168.1.10 हा आयपी पत्ता हाताने दिला होता. राउटर मात्र 2 पासून 254 पर्यंतचे सगळे पत्ते वाटत होता, त्यात 10 पण आला. लाइन गेली की डीव्हीआर बंद पडे. राउटरला तो पत्ता रिकामा दिसे आणि तो पोराच्या मोबाइलला देऊन टाके. लाइन आली की डीव्हीआर उठून तोच पत्ता धरे. मग मोबाइलवर वायफायच्या रेघा पूर्ण, पण इंटरनेट मिनिटाला येई-जाई, आणि कॅमेऱ्याचं चित्र मधेच गोठे.

खात्री करायला डीव्हीआरची लॅनची तार काढली, मिनिटभर थांबलो आणि लॅपटॉपवर हे चालवलं:

```
ping 192.168.1.10
arp -a
```

तार काढूनही उत्तर आलं, म्हणजे तो पत्ता दुसऱ्याकडेही होता. दुसऱ्या आज्ञेने दाखवलेल्या यादीत त्या पत्त्यापुढे दिसलेला मॅक, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, डीव्हीआरच्या स्टिकरवरच्या मॅकशी जुळत नव्हता.

मी आधी पहिला उपाय केला. राउटरची वाटणी 100 ते 200 केली आणि डीव्हीआर 10 वरच ठेवला. भांडण मिटलं. कित्येकांना एवढं पुरेल, आणि ज्यांच्या राउटरमध्ये पत्ता राखायची सोयच नाही त्यांना हाच मार्ग आहे.

पण पुढच्या पावसाळ्यात राउटर जळाला. कंपनीच्या माणसाने नवा लावला, त्याचं जाळं निघालं 192.168.0 चं. डीव्हीआर जुन्या 192.168.1.10 वरच अडून बसला, मोबाइलवरून दिसेचना. त्याला पडदा जोडलेला नव्हता. घरातला टीव्ही, एचडीएमआयची तार आणि माउस घेऊन मी भर पावसात गोदामात गेलो, शिडीवर चढून एक आकडा बदलला. पूर्ण सकाळ गेली. माझं मत बदललं ते इथेच.

आता डीव्हीआरमध्ये डीएचसीपी, म्हणजे राउटरकडून पत्ता आपोआप घेण्याची सोय, चालू आहे आणि राउटरमध्ये त्याच्या मॅकपुढे एक पत्ता राखून ठेवलाय. राउटर पुन्हा बदलला तर ही नोंद जाईल, हे खरं. पण डीव्हीआर नव्या जाळ्यातला पत्ता आपणच घेईल आणि नवी नोंद खाटेवर बसून मोबाइलवरून करता येईल. मोबाइलसाठी पत्ता राखायचा असेल तर त्यातलं रँडम मॅक त्या वायफायपुरतं बंद करावं, नाहीतर मॅक बदलला की नोंद लागू होत नाही.

ज्यांचा डीव्हीआर टीव्हीशेजारीच आहे, त्यांना कदाचित पहिला उपायच सोपा वाटेल. पण यंत्र गोदामात, गोठ्यात किंवा वावरातल्या खोलीत असेल, तर मी राउटरमध्येच राखा म्हणेन.