नरोटीची ओवी: दोन वाचनं

ठाण्यातल्या पारायणात ज्ञानेश्वरीच्या शेवटी ही ओवी येते:

‘ज्ञानेश्वरीपाठीं। जो ओंवी करील मऱ्हाटी। तेणें अमृताचे ताटीं। जाण नरोटी ठेविली॥’

भाविक वाचनात ही ताकीद: ग्रंथ अमृत, त्यात घातलेली भर म्हणजे नरोटी, नारळाची करवंटी; तेव्हा भर घालू नका. तेवढं पुरतं, आणि त्यात गैर काही नाही.

चिकित्सक वाचन आधी विचारतं, बोलतंय कोण? ज्ञानेश्वर नव्हेत, एकनाथ. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पोथी शुद्ध करताना. कोणासाठी? पुढच्या नकलकारांसाठी. का? कोणी भर घालतच नसेल, तर मनाई कशाला? म्हणजे तेव्हा ओव्या घुसत असाव्यात. मात्र कुठल्या, हे ओवी सांगत नाही. त्यासाठी जुन्या पोथ्याच ताडून पाहायला हव्यात. शिवाय ‘शुद्ध’ काय, हा निवाडा एकनाथांचा.