मळीसाठी घेतलेला गिअर पंप : आठ महिने वापरून

सोलापूरला आमचं पशुखाद्याचं छोटं युनिट आहे, मळी टाकीतून मिक्सरला द्यायला मे महिन्यात तासाला ३ घनमीटरचा गिअर पंप घेतला. विकणाऱ्याने सोयाबीन तेलावर चालवून दाखवला, एकदम शांत चालला. उन्हाळ्यात मळीवरही ठीक होता. डिसेंबरात मात्र सकाळी सकाळी आतून खडी भरडल्यासारखा आवाज यायला लागला आणि मिक्सर भरायला जवळजवळ दीडपट वेळ. आम्ही पंपालाच शिव्या घातल्या, गिअर झिजले म्हणून उघडला तर आत सगळं नव्यासारखं.

मग रेनॉल्ड्स नंबर काढला, प्रवाह शांत की खवळलेला ते यावरून कळतं. घनता गुणिले वेग गुणिले पाइपचा व्यास, भागिले व्हिस्कॉसिटी म्हणजे घट्टपणा. दोन इंची पाइपात आमचा वेग सेकंदाला साधारण ०.४२ मीटर. पाणी असतं तर आकडा २१ हजारावर, म्हणजे खवळलेला टर्ब्युलंट प्रवाह. तेलाला ४०० च्या आत आणि मळीला फक्त ६ च्या आसपास! २००० च्या खाली लॅमिनार, म्हणजे थर थरावरून गुपचूप सरकतो.

आता खरी गोची इथे आहे. टर्ब्युलंटमध्ये व्हिस्कॉसिटी वाढली तरी प्रेशर लॉस, म्हणजे पाइपातल्या घर्षणात खर्च होणारा दाब, थोडाच वाढतो, पण लॅमिनारमध्ये तो सरळ तिच्या पटीत वाढतो. आमची मळी तेलापेक्षा शंभरपट घट्ट, मग लॉसही शंभरपट, म्हणून तेलावरची टेस्ट आमच्या काही कामाची नव्हती. टाकीपासून पंपापर्यंतच्या तीन मीटरच्या सक्शन पाइपात मळीला ०.८ बार लागत होते, थंडीत मळी दुप्पट घट्ट झाली की १.६. आणि पंप काही ओढत नाही हो, हवेचा दाब आणि टाकीतल्या मळीची उंची मिळून मळी आत ढकलतात, ते आमच्याकडे जेमतेम १.१५ बार. त्यामुळे गिअरच्या दातांमधली जागा, जिच्यात भरून मळी पुढे जाते, ती अर्धवट रिकामी राहायची, तोच तो आवाज. सक्शनला व्हॅक्यूम गेज असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, तो आम्ही नंतर बसवला.

उपाय म्हणजे सक्शन लाइन तीन इंची केली, बस. लॅमिनारमध्ये लॉस व्यासाच्या चौथ्या घातात उतरतो, दीडपट व्यासाला पाचपट कमी. थंडीतले १.६ बार ०.३ वर आले आणि आवाज त्याच सकाळी बंद. मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा व्हीएफडी पण लावलाय, फार गार असेल तर स्पीड कमी करतो, स्पीड निम्मा केला की लॉस पण निम्मा होतो. मळी तापवून पातळ करता येते पण आम्ही कोमट करण्यापुढे जात नाही, कॉइलपाशी साखर जळते.

पंपाला माझ्याकडून पाचपैकी चार. एक मार्क कापला कारण शाफ्टभोवतीच्या ग्लँडमधून मळी झिरपते, दर महिन्याला आवळावं लागतं. आणि घेताना तुमच्या सर्वात गार दिवसाची व्हिस्कॉसिटी सांगून सक्शन पाइपची साइज लेखी मागा.