स्टिकला ड्रिफ्ट आलाय: कंट्रोलर कंपनीकडे द्यायचा की एमजी रोडवर उघडायचा?

कंट्रोलर टेबलावर नुसता पडलाय आणि पडद्यावरचा खेळाडू आपला आपण डावीकडे चाललाय, याला ड्रिफ्ट म्हणतात. कंट्रोलर बिघडण्याची ही सगळ्यांत नेहमीची तऱ्हा. नाशिकमध्ये त्यावर दोन वाटा आहेत. एक तर वॉरंटीत क्लेम करायचा, नाहीतर एमजी रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून स्टिक बदलून घ्यायची. दोन्ही वाटा चालतात, पण क्रम चुकला की पहिली कायमची बंद होते. कंट्रोलर एकदा बाहेर उघडला गेला की कंपनी वॉरंटी नाकारू शकते. वॉरंटीतून बाहेर आलेला कंट्रोलर मात्र दुरुस्तीवाल्याकडे कधीही नेता येतो.

इंदिरानगरमधल्या अकरावीच्या एका मुलाचं उदाहरण घेऊ. दिवाळीत, नोव्हेंबरमध्ये, त्याने पीएस ५ साठी दुसरा ड्युअलसेन्स कंट्रोलर घेतला. जूनमध्ये डाव्या स्टिकला ड्रिफ्ट सुरू झाला. डब्यातल्या वॉरंटी कार्डावर एक वर्षाची मुदत आहे आणि जीएसटी बिल जपून ठेवलेलं आहे. दुरुस्तीवाला हजार रुपये सांगतो आणि संध्याकाळपर्यंत देतो म्हणतो. कंपनीकडे पैसे लागणार नाहीत, पण काही दिवस हात रिकामा राहील.

आधी हा ड्रिफ्ट येतो कुठून ते पाहू. स्टिकच्या तळाशी दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. आतल्या कार्बनच्या पट्टीवर धातूचा स्पर्शक घासत राहतो. पट्टी झिजली किंवा धूळ बसली की स्टिक मध्यावर असूनही सिग्नल मध्याचा येत नाही. खेळता खेळता आपोआप होणारी ही झीज आहे, आपटल्याची खूण नाही, म्हणून क्लेमला जागा राहते. तोच कंट्रोलर पाण्यात पडला असेल, कवचाला तडा असेल किंवा सिरियल नंबरचं लेबल खरवडलेलं असेल, तर क्लेम तिथेच अडकतो.

क्लेमआधी साध्या गोष्टी उरकून घ्या, कारण मदत केंद्रही आधी हेच विचारणार. कन्सोल बंद करून ड्युअलसेन्सच्या मागच्या बाजूच्या बारीक भोकात पिनेने पाचेक सेकंद दाबा, मग यूएसबी केबल लावून पीएसचं बटण दाबा. हा रिसेट झाला. नंतर `Settings > Accessories` मध्ये जाऊन कंट्रोलरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. तरीही ड्रिफ्ट राहिला तर पुरावा जमवा. कंट्रोलर संगणकाला जोडून ब्राउझरमधल्या गेमपॅड चाचणीत स्टिकचे आकडे बघा. ते उणे १ ते अधिक १ असे असतात. स्टिकला हात न लावता आकडा शून्याच्या अगदी जवळ रेंगाळत असेल तर चिंता नाही. तो ०.१५ वर अडकून बसत असेल किंवा सारखा उड्या मारत असेल, तर दोष खरा. त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, त्यात कंट्रोलर टेबलावर मोकळा दिसू द्या.

मग बिलाचा आणि सिरियल नंबरचा स्वच्छ फोटो. ड्युअलसेन्सवर नंबर मागच्या लेबलावर असतो, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर बॅटरीच्या कप्प्यात. मदत केंद्राचा नंबर डब्यातल्या कार्डावरून किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. गुगलवर शोधताना वर येणारा नंबर भामट्याचा असू शकतो. नोंदणीसाठी ओटीपी किंवा यूपीआयने ‘पाच रुपये’ मागितले की फोन ठेवून द्या. खऱ्या नोंदणीत तुमचा पिन कोड, बिलाची तारीख, सिरियल नंबर आणि तक्रार विचारतात आणि तक्रार क्रमांक देतात. कंट्रोलर देताना पोचपावतीवर सिरियल नंबर आणि ‘बाहेरून कसलीही मोडतोड नाही’ ही ओळ लिहून घ्या. कुरिअरने पाठवायचा असेल तर खोक्यात बंद करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. वाटेत पडून तडा गेला तर तो आधी नव्हता हे दाखवायला तेवढंच हाताशी असतं.

दुरुस्तीवाल्याची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. ड्युअलसेन्समध्ये स्टिकचं अख्खं मॉड्यूल बोर्डाला चौदा ठिकाणी सोल्डर केलेलं असतं. हात सफाईदार नसेल तर डिसोल्डर करताना बोर्डावरचा ट्रॅक उचलला जातो. नवीन मॉड्यूल बसवल्यावर कॅलिब्रेशन केलं नाही तर मध्य पुन्हा सरकलेलाच राहतो. म्हणून दोनच प्रश्न विचारा: कॅलिब्रेशन करून देणार का, आणि नवीन स्टिकला किती दिवसांची हमी? साध्या मॉड्यूलऐवजी हॉल इफेक्टचं टाकणार असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. त्यात चुंबकाने स्थिती मोजली जाते, घासणारी पट्टीच नसते.

आमच्या अकरावीवाल्याला माझं उत्तर स्पष्ट आहे: वॉरंटीत द्या. पाच महिने मुदत शिल्लक आहे, आणि सहा हजारांच्या आसपासच्या वस्तूवर हजार रुपयांसाठी तो हक्क सोडू नये. बिल हरवलं असतं किंवा मुदत उलटून गेली असती, तर मी त्याला सरळ एमजी रोडला पाठवलं असतं.

एक्सबॉक्सवाल्यांनी मात्र तारीख लगेच तपासावी. मायक्रोसॉफ्टच्या सर्वसाधारण वॉरंटीत कन्सोलला एक वर्ष मिळतं, पण साध्या कंट्रोलरला ९० दिवस. एलिट सिरीज २ कंट्रोलरची मुदत ऑक्टोबर २०२० मध्ये ९० दिवसांवरून एक वर्ष केली गेली.

कन्सोलच बिघडला तर वॉरंटीची वाट आणखी जपायला हवी, कारण आत स्वतः काही करण्यासारखं फार थोडं आहे आणि बदलून मिळणारं यंत्र तुमच्या डेटासकट येईलच असं नाही. पीएस ५ चालू होत असेल तर देण्याआधी `Settings > System` मध्ये यूएसबी ड्राइव्हवर पूर्ण बॅकअप घ्या. पीएस ५ च्या गेमचे सेव्ह सुटे यूएसबीवर कॉपी होत नाहीत, ते क्लाउडवर जातात आणि त्यासाठी पीएस प्लसची वर्गणी लागते. डिस्क काढून ठेवा. पावसाळ्यात वीज ये-जा करताना जळालेला कन्सोल ‘बाहेरचं नुकसान’ ठरू शकतो, हेही लक्षात असू द्या.

दुबईहून आणलेला किंवा मुंबईच्या ग्रे बाजारातून बिलाविना घेतलेला माल असेल तर ही सगळी तुलना कोलमडते. भारतात अधिकृतपणे आलेल्या डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली किंवा चिकटवलेली असते. ते नसेल तर इथल्या वॉरंटीचा भरवसा धरू नका. निन्टेंडो भारतात स्विच अधिकृतपणे विकतच नाही, त्यामुळे स्विच घेताना दुकानदाराची स्वतःची हमी किती महिन्यांची, हे बिलावर लिहून घ्या. ‘सील तुटलं तरी वॉरंटी जात नाही’ असं अमेरिकन व्हिडिओत ऐकलं असेल, पण तो तिथल्या कायद्याचा आधार आहे, इथल्या काउंटरवर तो चालत नाही.

आणि मुदतीत असूनही कारण न देता क्लेम नाकारला तर? नकार लेखी मागा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकमध्येच, तक्रार दाखल करता येते, तीही वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही. बिल, व्हिडिओ, पोचपावती आणि तो लेखी नकार, एवढे कागद जोडावे लागतील.